'खाल्ल्याने' की 'खाणाऱ्यांमध्ये'?

एमडी करणाऱ्या एका मुलीने तिच्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण माझ्याकडे वाचायला आणलं होतं. विषय होता पालेभाज्या, फळं आणि तोंडाचा कर्करोग. दुसरं प्रकरण म्हणजे 'रिव्ह्यू ऑफ लिटरेचर': आपल्याआधी या विषयावर कोणी काय काम केलंय, त्याचा आढावा. बहुतेक मुलं हे प्रकरण सर्वांत शेवटी, सर्वांत कंटाळून आणि सर्वांत घाईने लिहितात. हिने मात्र मन लावून लिहिलं होतं.

पाचव्या पानावर मी अडखळलो. प्रबंध इंग्रजीत होता. अशा वेळी माझी एक जुनी खोड आहे. मी म्हटलं, "हे वाक्य मला मराठीत सांग."

"सर, गाजर, पालक, लाल भोपळा यांच्यातल्या बीटा-कॅरोटिनमुळे फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो, असं अनेक अभ्यासांनी सिद्ध केलंय. म्हणून तोंडाच्या कर्करोगातही तसं असेल, असं पुढे लिहिलंय."

"यांतल्या कुठल्या अभ्यासात कोणी कोणाला बीटा-कॅरोटिन दिलं होतं?"

ती क्षणभर थांबली. "दिलं नव्हतं सर. काय खाता, ते विचारलं होतं. काहींनी रक्त तपासलं होतं."

"मग 'मुळे' कुठून आलं?"

इंग्रजीत एखादं क्रियापद गुपचूप हे काम उरकतं आणि वाचणाऱ्याला पत्ताही लागत नाही. मराठीत मात्र 'मुळे' लावावं लागतं, 'खाल्ल्याने' म्हणावं लागतं, म्हणजे कारणाचा प्रत्यय हाताने चिकटवावा लागतो. 'गाजर खाल्ल्याने कर्करोग कमी होतो' आणि 'गाजर खाणाऱ्यांमध्ये कर्करोग कमी आढळला' ही दोन वेगळी विधानं आहेत. दुसरं विधान म्हणजे संशोधकाने जे पाहिलं ते. पहिलं म्हणजे त्यावरून त्याने, किंवा त्याचा निबंध वाचणाऱ्या आपण, काढलेला अर्थ. तिने उदाहरण तरी कोणतं निवडावं! आहार आणि रोग यांच्या संशोधनात या दोन वाक्यांमधलं अंतर किती महागात पडू शकतं, हे बीटा-कॅरोटिनइतकं स्वच्छ दुसऱ्या कुठल्या प्रकरणाने दाखवलेलं मला माहीत नाही.

बीटा-कॅरोटिन हा गाजराला रंग देणारा पदार्थ. शरीरात त्याचं अ जीवनसत्त्व होतं. १९७०च्या दशकापासून वेगवेगळ्या देशांतून एकच सूर येऊ लागला होता. नॉर्वेत दिसलं की अ जीवनसत्त्व देणारे पदार्थ जास्त खाणाऱ्या पुरुषांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग कमी आहे. जपानमधल्या अडीच लाखांहून अधिक माणसांच्या पाहणीत रोज हिरव्या-पिवळ्या भाज्या खाणाऱ्यांमध्ये तो कमी दिसला. १९८१ साली 'लॅन्सेट'मध्ये शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कारखान्यातल्या कामगारांचा अभ्यास आला. १९५४ मध्यमवयीन पुरुष, प्रत्येकाची आहाराबद्दल तपशीलवार मुलाखत आणि त्यानंतर १९ वर्षं पाठपुरावा. या काळात ३३ जणांना फुप्फुसाचा कर्करोग झाला. कॅरोटिनच्या प्रमाणानुसार कामगारांचे चार सारखे गट पाडले, तर सर्वांत कमी कॅरोटिन खाणाऱ्या गटात १४ रुग्ण निघाले आणि सर्वांत जास्त खाणाऱ्या गटात २. मधले दोन गट ओळीने पायऱ्यांसारखे बसले होते. दीर्घकाळ सिगरेट ओढणाऱ्यांपुरतं पाहिलं तरी ही उतरंड टिकून होती.

आता हे वाचून कोणाला वाटणार नाही की गाजरात काहीतरी आहे? आहार आधी नोंदवलेला आणि आजार नंतर आलेला, म्हणजे क्रम बरोबर. फरक सातपट. मात्रा वाढली की धोका कमी. वेगवेगळ्या देशांत तेच. शिवाय बीटा-कॅरोटिन पेशींचं नुकसान करणाऱ्या रेणूंना शमवू शकतं, ही जीवशास्त्रीय कथाही तयार होती. निरीक्षणावरून कारणाकडे जाताना काय काय तपासावं, याचे नऊ मुद्दे ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९६५ साली मांडले होते. त्यांतल्या बऱ्याच मुद्द्यांवर बीटा-कॅरोटिन उत्तीर्ण होत होतं. मुख्य मुद्दा राहिला होता तो प्रयोगाचा.

त्याच १९८१ साली रिचर्ड पेटो, रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये या सगळ्या पुराव्याचा आढावा लिहिला. त्याचं शीर्षकच प्रश्नार्थक होतं: आहारातलं बीटा-कॅरोटिन माणसातला कर्करोग लक्षणीय कमी करू शकतं का? संबंध खरा असला तरी श्रेय कॅरोटिनचं नसून त्यासोबत येणाऱ्या दुसऱ्या कशाचं तरी असू शकेल, हे त्यांनी स्पष्ट लिहिलं आणि प्रयोग करून पाहा म्हटलं. आढावा कसा लिहावा, याचा हा नमुनाच आहे. नंतरच्या उद्धरणांमध्ये मात्र त्या शीर्षकातलं प्रश्नचिन्ह हळूहळू झिजत गेलं.

प्रयोग झाला फिनलंडमध्ये. ५० ते ६९ वयाचे २९,१३३ पुरुष, सगळे धूम्रपान करणारे. सरासरी दिवसाला वीस सिगरेटी आणि तेही पस्तीसेक वर्षं. कोणाला काय मिळणार, ते चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं. काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन, काहींना ई जीवनसत्त्व, काहींना दोन्ही, आणि काहींना दिसायला तशीच पण आत काही नसलेली गोळी, म्हणजे प्लासिबो. पाच ते आठ वर्षं गोळ्या चालल्या. एप्रिल १९९४ मध्ये निकाल छापून आला. बीटा-कॅरोटिन मिळालेल्या निम्म्या लोकांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे ४७४ रुग्ण आणि न मिळालेल्या निम्म्यांत ४०२. कमी होणं बाजूलाच राहिलं, कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त.

योगायोग असेल, असं अनेकांना वाटलं. पण अमेरिकेत सिगरेट ओढणाऱ्या आणि अॅस्बेस्टॉसशी संबंध आलेल्या १८,३१४ जणांवर असाच प्रयोग चालू होता. तिथे बीटा-कॅरोटिनसोबत अ जीवनसत्त्वही दिलं जात होतं. जानेवारी १९९६ मध्ये तो ठरल्यापेक्षा २१ महिने आधी थांबवावा लागला, कारण गोळ्या घेणाऱ्या गटात फुप्फुसाचा कर्करोग २८ टक्क्यांनी जास्त होता. त्याच सुमारास २२,०७१ अमेरिकी डॉक्टरांवरचा बारा वर्षांचा प्रयोग संपला. त्यांच्यात धूम्रपान करणारे थोडे होते. तिथे फायदाही दिसला नाही आणि तोटाही नाही.

हे सगळं आता जुनं झालं, बहुतेक पाठ्यपुस्तकांत आहे. मी त्या मुलीला सांगितलं ते याच्या पुढचं आणि माझ्या मते जास्त बोलकं. फिनलंडच्या त्या २९ हजार माणसांचा आहार आणि रक्तातलं बीटा-कॅरोटिन गोळ्या सुरू होण्याआधी नोंदवून ठेवलं होतं. संशोधकांनी प्लासिबो गटाकडे वेगळं पाहिलं, म्हणजे ज्यांना कुठलीच खरी गोळी मिळाली नव्हती त्यांच्याकडे. तिथे जुनंच चित्र होतं: ज्यांच्या आहारात आणि रक्तात मुळात कॅरोटिन जास्त, त्यांच्यात कर्करोग कमी.

म्हणजे एकाच देशात, त्याच माणसांत, त्याच डॉक्टरांनी केलेल्या निदानावर दोन उलट उत्तरं आली. स्वतःहून कॅरोटिन खाणाऱ्यांमध्ये कर्करोग कमी, आणि दुसऱ्याने दिलेलं कॅरोटिन घेणाऱ्यांमध्ये जास्त. आधीच्या पाहण्या ढिसाळ होत्या, असं म्हणून इथे सुटका नाही. पाहणीत दिसलेला संबंध खरा होता, तो पुन्हा दिसला. चुकलं ते 'मुळे'.

"कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, तसंच ना सर?" ती म्हणाली. ही म्हण या विषयावर सगळेच वापरतात, पण ती इथे बसत नाही. म्हणीतला कावळा एकदाच बसतो आणि फांदी एकदाच तुटते. तो योगायोग. इथे तर नॉर्वेत, जपानमध्ये, शिकागोत, जिथे जावं तिथे कावळा बसलेला आणि फांदी तुटलेली. योगायोग वारंवार होत नाही. वारंवार होतंय म्हणजे दोघांनाही हलवणारा वारा कुठूनतरी येतोय. तिसराच एखादा घटक भाजीशीही जोडलेला आहे आणि कर्करोगाशीही. आमच्या धंद्यात त्याला कन्फाउंडर म्हणतात. इथे सर्वांत मोठा संशयित सिगरेट, कारण सिगरेट ओढणारे सरासरीने भाज्या-फळं कमी खातात आणि धुरामुळे रक्तातलं कॅरोटिनही घटतं.

"पण सर, सगळ्या अभ्यासांनी धूम्रपानासाठी अॅडजस्ट केलंय. प्रत्येक तक्त्याखाली लिहिलंय."

हा प्रश्न तिने विचारलाच पाहिजे होता. मी कागद घेतला आणि एक काल्पनिक गाव वसवलं. आकडे सोयीचे, हिशेब खरा.

गावात हजार जण भाजी भरपूर खातात आणि हजार जण क्वचित. असं धरू की भाजीचा कर्करोगावर शून्य परिणाम होतो. धोका ठरतो तो फक्त सिगरेटीवरून: न ओढणाऱ्यांत हजारी ५, थोड्या ओढणाऱ्यांत शेकडा २, खूप ओढणाऱ्यांत शेकडा ८. भाजी खाणाऱ्या हजारांत ८०० जण ओढत नाहीत, १५० थोड्या ओढतात, ५० खूप. त्यांच्यातले रुग्ण होतील ४ अधिक ३ अधिक ४, म्हणजे ११. भाजी न खाणाऱ्या हजारांत ४०० ओढत नाहीत, १५० थोड्या ओढतात, ४५० खूप. तिथे २ अधिक ३ अधिक ३६, म्हणजे ४१. अकराला एक्केचाळीस. भाजीने काहीही केलेलं नसताना ती न खाणाऱ्यांमध्ये कर्करोग जवळजवळ चौपट दिसतो.

आता अॅडजस्ट करू. प्रश्नावलीत समजा एवढंच विचारलं होतं: धूम्रपान करता का, हो की नाही? मग 'हो' म्हणणाऱ्यांची तुलना 'हो' म्हणणाऱ्यांशी करायची. भाजी खाणाऱ्यांत असे २०० जण आणि ७ रुग्ण, म्हणजे शेकडा साडेतीन. न खाणाऱ्यांत ६०० जण आणि ३९ रुग्ण, म्हणजे शेकडा साडेसहा. धूम्रपानासाठी अॅडजस्ट करूनही भाजी जवळजवळ निम्मा धोका टाळते आहे! तक्त्याखाली 'अॅडजस्टेड' असं छापायला संशोधक मोकळा आणि त्यात तो खोटंही बोलत नाही. 'थोड्या' आणि 'खूप' वेगळे केले, तेव्हाच दोन्हीकडे शेकडा २ आणि शेकडा ८ येतात आणि भाजीचा सगळा प्रताप नाहीसा होतो.

प्रत्यक्षात 'थोड्या' आणि 'खूप' यांच्या आत आणखी थर असतात. कोणत्या वयात सुरू केली, धूर किती आत ओढतो, मध्ये किती वर्षं सोडली होती, खरं किती सांगतो. मोजमाप जितकं भरड, तितका कन्फाउंडर त्याच्या भोकांतून गळून उरतो. म्हणून आढावा लिहिताना 'धूम्रपानासाठी अॅडजस्ट केलं' एवढं टिपून पुढे जाऊ नये. कसं मोजलं होतं, ते पद्धतीच्या भागात शोधून तिथेच लिहावं. मी तिला सांगितलं, "तुझ्या तक्त्यात 'अॅडजस्ट केलं: हो' असा रकाना आहे, तो खोड. तिथे लिही, कशाने मोजलं."

त्यातून दुसरी गोष्ट तिच्या आपोआप लक्षात आली. आढाव्यात तिने अभ्यास मोजले होते: इतके बाजूने, इतके विरोधात. काही ठिकाणी मेटा-अॅनालिसिसचे, म्हणजे अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून काढलेले निष्कर्ष दिले होते. पुष्कळ अभ्यास एकत्र केले की योगायोगाने आलेली चूक विरून जाते. पण सगळ्या अभ्यासांत एकाच बाजूला झुकलेली चूक असेल, तर ती विरत नाही, उलट ठाम होते. काटा मारलेल्या तराजूवर शंभर वेळा वजन केलं म्हणून वजन बरोबर येत नाही, फक्त चुकीच्या आकड्यावरचा विश्वास वाढतो. सर्वसाधारणपणे पाश्चात्त्य शहरांत भाज्या-फळं जास्त खाणारी माणसं सिगरेट कमी ओढतात, दारू बेताने घेतात, जास्त शिकलेली असतात, डॉक्टरकडे वेळेवर जातात. या समाजांतले दहा अभ्यास म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत. ते एकाच खिडकीतून पाहणारे दहा जण आहेत. त्यामुळे आढाव्यात मोजायचे ते चुकण्याचे वेगवेगळे मार्ग. एका प्रकारच्या अभ्यासात ज्या कारणाने चूक होईल ते कारण दुसऱ्या प्रकारच्या अभ्यासात नसेल, आणि तरीही उत्तर तेच आलं, तर 'मुळे'च्या दिशेने एक पाऊल टाकता येतं.

"म्हणजे पाहणीवरून कधीच कारण सांगता येत नाही?" आता ती जरा वैतागली होती, आणि तिचं बरोबर होतं. सिगरेटने फुप्फुसाचा कर्करोग होतो, हे आपण चिठ्ठ्या टाकून माणसांना सिगरेटी पाजून ठरवलेलं नाही. ते पाहण्यांवरूनच ठरलं, आणि ठरवणाऱ्यांत वर आलेले डॉल आणि हिल हे दोघं पुढे होते. मग सिगरेटीला लावलेला नियम गाजराला का नको?

फरक आकाराचा आहे. सिगरेट ओढणाऱ्यांत हा कर्करोग नऊ-दहापट किंवा त्याहून जास्त होता. १९५९ साली जेरोम कॉर्नफील्ड आणि सहकाऱ्यांनी साधं गणित मांडलं: नऊपट फरक सगळाच्या सगळा एखाद्या लपलेल्या घटकाने घडवायचा असेल, तर तो घटक ओढणाऱ्यांमध्ये न ओढणाऱ्यांपेक्षा किमान नऊपट जास्त आढळायला हवा. एवढा ठळक घटक लपून राहील कसा? आहाराच्या अभ्यासांतले फरक बहुतेकदा वीस-तीस टक्क्यांचे असतात. तेवढा फरक घडवायला मोठा चोर लागत नाही. शिक्षण, उत्पन्न, व्यायाम, झोप, सिगरेटीचा भरड हिशेब असे चार भुरटे मिळून तो सहज करतात. वेस्टर्न इलेक्ट्रिकचा सातपट आकडा मोठा दिसतो खरा, पण तो १४ आणि २ या दोन छोट्या संख्यांवर उभा होता. दोनाचे चार झाले असते, तर सातपट अर्ध्यावर आलं असतं.

पुढच्या आठवड्यात ती नवा मसुदा घेऊन आली. त्यात फिनलंड होतं, अमेरिका होती, आणि एक नवं वाक्य होतं: बीटा-कॅरोटिन कर्करोग घडवतं, त्यामुळे आहारातल्या भाज्यांचा फायदा हा भ्रम आहे. लंबक दुसऱ्या टोकाला गेला होता. अशी चूक हुशार विद्यार्थीच करतात.

फिनलंडच्या प्रयोगाने एका नेमक्या प्रश्नाचं उत्तर दिलं: पन्नाशीच्या पुढच्या, अनेक वर्षं ओढणाऱ्या पुरुषांना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन गोळीतून काही वर्षं दिलं, तर काय होतं? पाहण्यांनी वेगळाच प्रश्न विचारला होता: आयुष्यभर भाज्या खात आलेल्या माणसांचं पुढे काय होतं? २० मिलिग्रॅम म्हणजे साधारण पाव किलो गाजरांतलं कॅरोटिन, पण गोळीतलं कितीतरी जास्त सहज शोषलं जातं. प्रयोगात रक्तातली पातळी आधीच्या पंधरापटीहून वर गेली होती. ताटातल्या भाजीतून ती तिथवर पोचत नाही. शिवाय कर्करोगाची सुरुवात निदानाच्या कितीतरी वर्षं आधी होते. धुराने भरलेल्या फुप्फुसात एवढं कॅरोटिन गेल्यावर त्याचे घातक तुकडे होत असावेत, असं नंतर फेरेट या मुंगसासारख्या प्राण्यांवर केलेल्या प्रयोगांवरून सुचवलं गेलं. चीनमधल्या लिनशियान परगण्यात तर लोकांचा आहार मुळातच निकृष्ट होता. तिथे बीटा-कॅरोटिन, ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम यांचं मिश्रण दिलेल्या गटात एकूण मृत्यू ९ टक्क्यांनी कमी भरले. तोही चिठ्ठ्या टाकून केलेलाच प्रयोग. तिघांपैकी श्रेय कोणाचं, ते त्यातून कळत नाही, आणि पोटभर खाणाऱ्या माणसाला ते लागू करता येत नाही.

तेव्हा भाजी निर्दोष सुटली नाही आणि दोषीही ठरली नाही. बाद झाली ती 'भाजीतला गुणकारी पदार्थ म्हणजे बीटा-कॅरोटिन, आणि तो गोळीत भरता येतो' ही कल्पना. कॅरोटिन हे भाजी खाणाऱ्याच्या रक्तातली खूण होतं. गणवेश पाहून मूल शाळेत जातं हे कळतं, पण गणवेश घालून मूल शिकत नाही, तसं.

आम्ही दोघांनी मग तो परिच्छेद पुन्हा बांधला. मराठीत बोलून आणि नंतर इंग्रजीत उतरवून. तो साधारण असा झाला: "१९७५ ते १९९०च्या दरम्यानच्या पाहण्यांत कॅरोटिनयुक्त भाज्या जास्त खाणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळला. या गटांत धूम्रपानही कमी होतं आणि ते अनेक अभ्यासांत भरडपणे मोजलेलं होतं. दीर्घकाळ धूम्रपान करणाऱ्यांना गोळीतून बीटा-कॅरोटिन देऊन केलेल्या दोन मोठ्या प्रयोगांत कर्करोग वाढला. हे प्रयोग भाज्यांच्या आजन्म सेवनाबद्दल काही सांगत नाहीत. पण पाहण्यांत दिसलेल्या संबंधाला बीटा-कॅरोटिन जबाबदार होतं, या स्पष्टीकरणाला ते आधार देत नाहीत." यात 'कमी झाला' असं कुठेही नाही, 'कमी आढळला' आहे. 'झाला' म्हटलं की आधी जास्त होता आणि काहीतरी केल्यावर उतरला, असं वाटतं. पाहणीत कोणाचंच काही उतरत नाही. दोन वेगळ्या गटांतला फरक तेवढा दिसतो.

'वाढला' हे क्रियापद प्रयोगाच्या वाक्यात मात्र राहू दिलं. ज्यांनी चिठ्ठ्या टाकल्या, त्यांना ते वापरायचा हक्क आहे.

राहिला तिचा स्वतःचा विषय, तोंडाचा कर्करोग. तिथले बहुतेक अभ्यास वेगळ्या घडणीचे होते. रुग्णालयात आलेले रुग्ण घ्यायचे, त्यांच्या वयाची निरोगी माणसं घ्यायची, आणि दोघांना विचारायचं की पूर्वी काय खात होता. यात बाणच उलटा फिरण्याची भीती असते. गुटखा-सुपारीने ज्यांचं तोंड उघडेनासं झालंय, आत जळजळतंय, त्यांनी मेथीची तिखट भाजी, काकडी, मुळा निदानाच्या कितीतरी आधीच सोडलेला असतो. आजाराच्या वाटेवर असल्यामुळे भाजी सुटली, आणि आढाव्यात लिहिलं जातं की भाजी न खाल्ल्याने आजार झाला. यावर उपाय एकच: 'पूर्वी' म्हणजे नेमकं केव्हा, ते प्रत्येक निबंधात शोधायचं. तक्रार सुरू होण्याच्या आधीचं विचारलं असेल तर त्या अभ्यासाला जास्त वजन, गेल्या वर्षाचं विचारलं असेल तर कमी. तिच्या ढिगातल्या बऱ्याच निबंधांत ते लिहिलेलंच नव्हतं. मी म्हटलं, तेही आढाव्यात लिही. लिहिलेलं नाही, ही सुद्धा नोंद आहे.

आणि मग आला या प्रकरणातला आपला घरचा कन्फाउंडर. तिने स्वतःची प्रश्नावली दाखवली. 'तंबाखूचं सेवन करता का? हो/नाही.' चाचणी म्हणून ती एका गावात पंचवीस-तीस बायकांना भेटून आली होती. जवळजवळ सगळ्यांनी 'नाही' सांगितलं होतं.

"मिश्री लावतात का, ते विचारलंस?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजून केलेली ती पूड सकाळ-संध्याकाळ हिरड्यांना चोळणाऱ्या कितीतरी बायका आपण तंबाखू खातो असं मानत नाहीत. ते त्यांच्या लेखी दात घासणं. म्हणजे या बायका 'नाही'च्या रकान्यात जाणार. त्यांच्यातल्या गरीब, कष्टकरी बायकांच्या ताटात भाजी-फळं कमी असतील तर काय होणार? तंबाखूसाठी व्यवस्थित अॅडजस्ट केलेला अभ्यास सांगणार की भाजी कमी खाल्ल्याने तोंडाचा कर्करोग होतो. आमच्या काल्पनिक गावातले 'थोड्या' आणि 'खूप' इथे एका काळ्या पुडीत दडलेले होते.

"मग विचारू कसं? तंबाखू म्हटलं की नाहीच म्हणतात."

ती दोन दिवसांनी पुन्हा त्या गावात गेली. नव्या प्रश्नावलीत तंबाखूच्या प्रश्नाआधी एक प्रश्न वाढवलेला होता: 'सकाळी दात कशाने घासता?'